भरावाखालची बॉक्स मोरी आणि तिचे चार कोपरे : पार्श्वभूमी

कोकणातल्या जुन्या रस्त्यांवर वहाळ किंवा पऱ्या ओलांडायला जांभ्याच्या नाहीतर काळ्या दगडाच्या मोऱ्या असत. काहींवर कमान असे, काहींवर दोन भिंतींवर टेकवलेला स्लॅब. स्लॅब मोरीचा हिशेब सरळ असतो. स्लॅब भिंतींवर नुसता टेकलेला, त्यामुळे कोपऱ्यात मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, शून्य आणि मधोमध पूर्ण wL²/8; इथे w हा स्लॅबवरचा भार आणि L हे दोन भिंतींमधलं अंतर. भिंतीने मातीचा दाब स्वतंत्रपणे सोसायचा, खाली तिचा स्वतःचा पाया. खाडीलगतच्या मऊ चिकणमातीत मात्र हा पायाच महाग पडतो. वरचा स्लॅब, दोन भिंती आणि तळ एकसंध ओतले, तर सगळा भार तळाच्या पूर्ण रुंदीवर पसरतो. तळच काँक्रीटचा असल्याने भिंतींचे पायथे खरवडले जाण्याची भीतीही कमी होते. बॉक्स मोरी रुळली ती यामुळे. पण सांधे एकसंध झाल्यावर स्लॅबच्या मधोमध जी मोमेंट होती, तिचा मोठा हिस्सा कोपऱ्यांकडे गेला. या मोरीच्या डिझाइनचा इतिहास म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्याचा इतिहास आहे : वर माती नेमकी किती बसते, आणि त्यातलं कोपऱ्याला किती जातं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेतातल्या नळांमधून आलं. अमेरिकेत आयोवा राज्यात शेतजमिनीचा निचरा करण्यासाठी पुरलेले नळ फुटत होते. तिथल्या अँसन मार्स्टन या अभियंत्याने 1913 मध्ये अँडरसनबरोबर चरातल्या नळांवरील भाराचा सिद्धांत मांडला. त्याआधी 1895 मध्ये जर्मनीत यान्सेनने दाखवलं होतं की धान्याच्या उंच कोठारात सगळं वजन तळावर येत नाही, काही वजन भिंतींशी होणारं घर्षण पेलून धरतं. मार्स्टनने तेच गणित मातीला लावलं. अरुंद चरात नळ पुरला तर चराच्या कडा वरच्या मातीला थोडं उचलून धरतात आणि नळावर मातीच्या पूर्ण वजनापेक्षा कमी भार येतो.

भरावाखालची बॉक्स मोरी मात्र याच्या नेमकी उलट वागते. ती मूळ जमिनीवर उभी असते आणि भराव नंतर तिच्या दोन्ही बाजूंनी चढतो. बाजूची माती दबते, काँक्रीटची पेटी जवळपास दबत नाही. खाली सरकणारी बाजूची माती पेटीवरच्या मातीलाही सोबत खाली ओढते, म्हणून भार मातीच्या वजनाहूनही जास्त येतो. रस्ते-पुलांच्या डिझाइनची अमेरिकी आश्टो संहिता यासाठी वजनाला Fe = 1 + 0.20 H/B या गुणकाने गुणायला सांगते. यात H म्हणजे भरावाची उंची आणि B म्हणजे पेटीची बाहेरची रुंदी. बाजूचा भराव नीट ठोकलेला असेल तर हा गुणक 1.15 च्या वर धरत नाहीत, आणि ठोकलेला नसेल तर मर्यादा 1.40. डिझाइनच्या कागदावरचा एक आकडा रोलर चालवणाऱ्याच्या कामावर इतका थेट अवलंबून असलेला क्वचितच दिसतो.

दुसऱ्या प्रश्नाला 1915 मध्ये जॉर्ज मॅनीच्या स्लोप-डिफ्लेक्शन पद्धतीने आणि 1930 मध्ये हार्डी क्रॉसच्या मोमेंट डिस्ट्रिब्युशनने हाताने सोडवता येईल असं रूप दिलं. एका कप्प्याच्या सममित पेटीला तर क्रॉसचा तक्ताही लागत नाही. सगळीकडे जाडी सारखी असेल आणि वर w, बाजूंवर p असा एकसमान दाब धरला, तर कोपऱ्याची मोमेंट अशी येते :

M = (wL³ + pH³) / 12(L + H)

इथे L आणि H ही मध्यरेषांमधली अंतरं आहेत (वरच्या सूत्रातला H वेगळा, तो भरावाचा). वरचा दाब आणि बाजूचा दाब हे दोन्ही कोपऱ्यात बाहेरच्या बाजूलाच ताण आणतात, म्हणून इथे त्यांची बेरीज होते. स्लॅबच्या मधोमध मात्र बाजूचा दाब उपकारक ठरतो, तिथली मोमेंट तो कमी करतो. पुढचा सगळा विचार या फरकावर उभा आहे.

एक उदाहरण घेऊ. आत 3 × 3 मीटर मोकळी जागा, जाडी 0.4 मीटर, म्हणून L आणि H दोन्ही 3.4 मीटर. वर 6 मीटर भराव. ओल्या जांभ्या मातीचं वजन घनमीटरला 20 किलोन्यूटन धरू. मातीचे चौरस मीटरला 120 किलोन्यूटन, नीट ठोकलेल्या भरावासाठी गुणिले 1.15, म्हणजे 138. त्यात स्लॅबच्या स्वतःच्या वजनाचे 10. आता वाहन : इंडियन रोड्स काँग्रेसचं 70R साखळीवाहन 70 टनांचं असतं, पण त्याचा भार 45 अंशांनी पसरत 6 मीटर खाली पोचेपर्यंत चौरस मीटरला जेमतेम 3 किलोन्यूटन उरतो. रस्त्यावर जे सर्वांत भयंकर वाटतं, त्याचा इथे हिस्सा जवळपास नगण्य. एकूण w = 151.

बाजूचा दाब स्थिर अवस्थेतला, गुणांक 0.5 धरून, वरच्या सांध्यापाशी 62 आणि खालच्यापाशी 96. सरासरी p = 79. मग कोपऱ्यात दर मीटर लांबीला सुमारे 111 किलोन्यूटन-मीटर आणि स्लॅबच्या मधोमध 107. टेकवलेल्या स्लॅबला मधोमध 218 सोसावे लागले असते. बचत मोठी दिसते, पण ती बाजूची माती खरोखर तेवढी दाबत असेल तरच. म्हणून जुन्या आश्टो नियमात मधली मोमेंट कमी करण्यासाठी बाजूच्या दाबाचा अर्धाच परिणाम धरायची मुभा होती. तसं केलं की मधली मोमेंट 126 होते. कोपरा पूर्ण दाबाला आणि मध्य अर्ध्या दाबाला, अशी दोन्ही टोकं तपासायलाच हवीत. एकाच दाबावर हिशेब संपवला तर दोनपैकी एका जागी सळई कमी पडते.

आता भराव ढिला राहिला असं धरा. गुणक 1.32 होतो, w 171 वर जातो, कोपरा 120 आणि मध्य, अर्ध्या दाबाला, 146. मध्याची वाढ जास्त आहे, आणि त्यात ढिली माती बाजूने दाबतही कमी असते.

सममित सूत्रात एक गोष्ट झाकली जाते. खालचे कोपरे वरच्यांपेक्षा जास्त सोसतात, कारण भिंतींचं वजनही तळाखालच्या प्रतिक्रियेत येतं (या उदाहरणात सुमारे 18 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर) आणि बाजूचा दाबही खाली मोठा असतो. नेमका तिथेच बांधकामाचा सांधा येतो. आधी तळ आणि भिंतीची थोडी उंची ओततात, बाहेरच्या सळया वर काढून ठेवतात आणि पुढे भिंतीच्या सळया त्यांना ओव्हरलॅप करतात. हा ओव्हरलॅप आखूड पडला किंवा बाहेरची सळई कोपऱ्यात वळवून पुरेशी पुढे नेली नाही, तर पेटी पुन्हा टेकवलेल्या स्लॅबसारखी वागू लागते. कोपऱ्याने सोडलेली मोमेंट मधोमध जाते.

बाहेरची भेग मातीआड असल्याने दिसत नाही. आतून कळते ती तिची सावली : छताच्या मधोमध मोरीच्या लांबीला समांतर जाणाऱ्या भेगा, वरच्या कोपऱ्याशी ओलीची रेघ, आणि पाण्याबरोबर बाहेर आलेल्या चुन्याचे पांढरे ओघळ. वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस आणि खारी हवा असलेल्या या पट्ट्यात त्या ओघळात तांबूस रंग उतरू लागला, तर सळई गंजू लागली आहे असं समजावं.

भराव दोन्ही बाजूंनी थराथराने, सारख्या उंचीने चढवायचा नियमही याच हिशेबातून येतो. एका बाजूला माती आधी चढली तर पेटी एका अंगाला ढकलली जाते, सममिती मोडते आणि वरचं सूत्र लागू राहत नाही. एका कर्णावरच्या दोन कोपऱ्यांत मोमेंट वाढते, दुसऱ्या दोनांत घटते, आणि फरक फार असेल तर तिथे ताण आतल्या बाजूला येतो. म्हणूनच कोपऱ्याच्या आतल्या बाजूलाही थोडी सळई ठेवतात.