वेचक सारांश आणि पुनर्लेखित सारांश : फरकामागचा इतिहास

एखाद्या मजकुराचा सारांश यंत्राकडून करून घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत मूळ मजकुरातली काही वाक्ये निवडून ती जशीच्या तशी एकापुढे एक मांडली जातात. तिला एक्स्ट्रॅक्टिव्ह म्हणतात आणि या टिपणात तिचा उल्लेख वेचक सारांश असा केला आहे. दुसरीत मजकुराचा आशय नव्या वाक्यांत लिहिला जातो. ती ॲबस्ट्रॅक्टिव्ह, म्हणजे पुनर्लेखित सारांशाची रीत. वेचक सारांश सुरक्षित पण ओबडधोबड आणि पुनर्लेखित सारांश वाचनीय पण बेभरवशाचा, अशी त्यांची विभागणी नेहमी केली जाते. या विभागणीचा दुसरा भाग बराचसा खरा आहे. पहिला मात्र जपूनच मानावा लागतो, आणि तो का, हे या पद्धतीच्या सुरुवातीकडे पाहिले की कळते.

ही सुरुवात १९५८ सालची आहे. त्या वर्षी आयबीएममधील अभियंता हान्स पीटर लून यांनी वैज्ञानिक लेखांचे सारांश संगणकाने कसे करता येतील, यावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. माणसाने केलेल्या सारांशात त्याची पार्श्वभूमी, कल आणि त्या वेळची मनःस्थिती उतरते, त्यामुळे एकाच लेखाचे दोघांनी केलेले सारांश वेगळे निघतात, ही त्यांची मुख्य तक्रार होती. यंत्र दर वेळी एकाच नियमाने वागेल, हा त्यावरचा त्यांचा उपाय. वाक्याचा अर्थ समजणे तेव्हाच्या संगणकाच्या आवाक्यात नव्हते, म्हणून लून यांनी मोजता येण्याजोगी गोष्ट धरली : लेखकाला जे सांगायचे असते त्याचे शब्द तो पुन्हा पुन्हा वापरतो.

त्यांची कृती अशी. फार सर्रास येणारे आणि फार क्वचित येणारे शब्द वगळायचे आणि उरलेल्यांना महत्त्वाचे शब्द मानायचे. एकाच शब्दाची वेगवेगळी रूपे एक धरायची. मग प्रत्येक वाक्यात महत्त्वाच्या शब्दांचा दाट पुंजका कुठे आहे ते पाहायचे. पुंजक्यातल्या लगतच्या दोन महत्त्वाच्या शब्दांमध्ये बिनमहत्त्वाचे शब्द जास्तीत जास्त चार असावेत. पुंजक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांच्या संख्येचा वर्ग करून त्याला पुंजक्यातल्या एकूण शब्दांनी भागले, की वाक्याचा गुणांक मिळतो. सर्वाधिक गुणांकाची वाक्ये मूळ क्रमाने मांडली की सारांश तयार होतो.

हे एका छोट्या मजकुरावर करून पाहू. एका पुलाच्या तपासणीविषयी, उदाहरणासाठी रचलेली पाच वाक्ये घेऊ :

(१) पुलाच्या तिसऱ्या खांबाच्या पायात तडे आढळले आहेत.
(२) पहिल्या पाहणीत हे तडे वरवरचे असल्याची नोंद झाली होती.
(३) दुसऱ्या पाहणीत मात्र त्यातल्या एका तड्यातून पाणी झिरपताना दिसले.
(४) त्यामुळे जड वाहनांना पुलावर बंदी घालावी, अशी शिफारस समितीने केली आहे.
(५) हलक्या वाहनांना तूर्त बंदी नसावी.

मजकूर लहान असल्यामुळे, ‘आहे’, ‘हे’ यांसारखे सर्रास येणारे शब्द वगळून दोन किंवा अधिक वेळा आलेले शब्द महत्त्वाचे मानू. पूल, तडा, पाहणी, वाहन आणि बंदी हे पाच शब्द मिळतात. पहिल्या वाक्यात ‘पुलाच्या’पासून ‘तडे’पर्यंत पाच शब्दांचा पुंजका आहे आणि त्यात महत्त्वाचे शब्द दोन, म्हणून गुणांक चार भागिले पाच, म्हणजे ०.८. दुसऱ्या वाक्यातला ‘पाहणीत हे तडे’ हा पुंजका तीनच शब्दांचा आहे, म्हणून १.३३. तिसऱ्यात ‘पाहणीत’ आणि ‘तड्यातून’ यांच्यामध्ये तीन शब्द आहेत, म्हणून पुन्हा ०.८. चौथ्यात ‘वाहनांना पुलावर बंदी’ हे तिन्ही महत्त्वाचे शब्द सलग आले आहेत, म्हणून नऊ भागिले तीन, म्हणजे ३. पाचव्याचा गुणांक १.३३. तीन वाक्यांचा सारांश हवा असेल, तर चौथे, दुसरे आणि पाचवे वाक्य निवडले जाते, आणि वाचकाच्या हाती पडते ते असे : ‘पहिल्या पाहणीत हे तडे वरवरचे असल्याची नोंद झाली होती. त्यामुळे जड वाहनांना पुलावर बंदी घालावी, अशी शिफारस समितीने केली आहे. हलक्या वाहनांना तूर्त बंदी नसावी.’

यातला प्रत्येक शब्द मूळ मजकुरातला आहे आणि प्रत्येक वाक्य खरे आहे. तरीही सारांश दिशाभूल करतो. ‘हे तडे’ कोणते, याचा पत्ता नाही. पाणी झिरपल्याची बाब, जिच्यामुळे शिफारस झाली, तीच गळाली आहे. ‘त्यामुळे’ हा शब्द आता भलत्याच वाक्याला जोडला गेला असून, तडे वरवरचे असल्यामुळे बंदी घालावी, असा विचित्र अर्थ निघतो. वेचक सारांश शब्दांची हमी देतो, पण ती वाक्ये शेजारीशेजारी ठेवल्यावर निघणाऱ्या अर्थाची हमी त्यात नसते. हा दोष लून यांच्या साध्या गणितापुरता नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक आधुनिक वेचक पद्धतींनी केलेले इंग्रजी सारांश माणसांकडून तपासून घेतले, तेव्हा सुमारे ३० टक्के सारांशांत तुटलेले सर्वनाम, अर्धवट राहिलेला संदर्भ किंवा दिशाभूल करणारी जुळणी असा काही ना काही दोष आढळला.

लून यांच्यानंतर शब्दांच्या वारंवारितेवरचा भर हळूहळू कमी झाला. १९६९ मध्ये एडमंडसन यांनी चार खुणा तपासल्या : वारंवार येणारे शब्द, शीर्षकातले शब्द, वाक्याची जागा आणि ‘निष्कर्ष’ यांसारखे सूचक शब्द. त्यांना वारंवारितेची खूण सर्वांत कमजोर आढळली आणि बाकीच्या तिघींचे मिश्रण सर्वांत चांगले ठरले. पुढच्या तीन दशकांत निवडीचे गणित सुधारत गेले. १९९८ मध्ये कार्बोनेल आणि गोल्डस्टीन यांनी, आधीच निवडलेल्या वाक्याशी फार मिळतेजुळते वाक्य पुन्हा येऊ नये, अशी तजवीज केली. २००४ मध्ये वाक्यांमधल्या साम्याचे जाळे विणून त्यातली मध्यवर्ती वाक्ये शोधण्याच्या पद्धती आल्या. वाक्य जसेच्या तसे उचलायचे, हे मूळ तत्त्व मात्र कायम राहिले.

नवी वाक्ये लिहिण्याचे प्रयत्न याच काळात दुसऱ्या वाटेने चालू होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस येल विद्यापीठात जेराल्ड डीजाँग यांनी फ्रम्प नावाची प्रणाली केली. भूकंप, अपघात अशा ठरावीक प्रकारच्या घटनांचे आराखडे तिच्याजवळ असत. बातमी वाचून ती आराखड्यातल्या रिकाम्या जागा भरी आणि त्यावरून सारांश तयार करी. आराखड्यात बसणाऱ्या बातमीसाठी हे ठीक होते, पण आराखडे हाताने लिहावे लागत आणि जगात घडणाऱ्या घटना आराखड्यांपेक्षा फार जास्त असतात. म्हणून ही वाट मर्यादित क्षेत्रांपलीकडे फारशी गेली नाही.

खरा बदल २०१५ मध्ये झाला. रश, चोप्रा आणि वेस्टन यांनी चेतापेशी-जाळ्यांवर, म्हणजे न्यूरल नेटवर्कवर, आधारित एक नमुना, म्हणजे मॉडेल, मांडला. बातम्या आणि त्यांचे मथळे यांच्या लाखो जोड्यांवरून तो वाक्य आखूड करून नव्याने लिहायला शिकला. यात आराखड्यांची गरज उरली नाही. दोन वर्षांनी सी, लिऊ आणि मॅनिंग यांनी अशा नमुन्यांची दोन दुखणी नेमकी दाखवली : ते तपशील चुकीचे देतात आणि तेच तेच लिहितात. त्यांच्या नमुन्याला नवा शब्द योजता येई, तसेच मूळ मजकुरातला शब्द, विशेषतः नाव किंवा आकडा, थेट उचलताही येई. वेचण्याचा थोडा अंश पुनर्लेखनात परत आणल्यावर ते सुधारले, ही मला या इतिहासातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते. तरीही त्या वेळच्या प्रचलित मोजमापात बातमीची नुसती पहिली तीन वाक्ये त्यांच्या नमुन्यापेक्षा वरचढ ठरली. बातमी लिहिणारा वार्ताहर महत्त्वाचे ते आधीच वर ठेवतो, हे त्यामागचे कारण. आजही बातमीपुरता विचार केला, तर पहिली काही वाक्ये हा सर्वांत स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसा सारांश असतो.

पुनर्लेखनात काय बिघडते, हे २०२० मध्ये मेनेझ आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. एका वाक्यात सारांश करण्याच्या कामात त्यांनी तपासलेल्या नमुन्यांच्या ७० टक्क्यांहून अधिक सारांशांत मुळात नसलेले काही तरी होते. पुढच्या नमुन्यांत हे प्रमाण कमी झाले, पण चुकीची जात बदलली नाही. पुलाच्या मजकुरावर ती अशी दिसेल : ‘खांबातल्या तड्यातून पाणी झिरपू लागल्याने समितीने पुलावर वाहनांना बंदी घातली आहे.’ वाक्य सुबक आहे, आणि वेचक सारांशातून निसटलेला कार्यकारणभावही त्यात नेमका आला आहे. पण ‘जड’ हा शब्द गळाला आणि शिफारशीचा निर्णय झाला. हलकी गाडी घेऊन निघालेल्या माणसाला हा सारांश विनाकारण अडवेल. अशी चूक डोळ्यांत भरत नाही, कारण नवे वाक्य गुळगुळीत असते. वेचक सारांशातली तुटलेली जोडणी निदान खटकते तरी.

कोणता सारांश कोणासाठी, हे म्हणूनच वाचक पुढे त्या सारांशाचे काय करणार, यावर ठरवावे. जो वाचक मूळ मजकूर उघडणारच आहे आणि त्यात कुठे पाहायचे एवढेच त्याला हवे आहे, किंवा ज्याला शब्द उद्धृत करावे लागणार आहेत, त्याच्यासाठी वेचक सारांश योग्य आहे. करारातली कलमे, न्यायनिर्णय, औषधाची मात्रा सांगणारा मजकूर, साक्षीदाराचा जबाब यांत ‘करावे’ आणि ‘करता येईल’ यांतला फरक हाच आशय असतो. तिथे शब्द बदलण्याची मुभा यंत्राला देऊ नये. वाक्ये मूळ क्रमाने, प्रत्येकापुढे परिच्छेद क्रमांकासह द्यावीत, आणि निवडलेल्या वाक्याची सुरुवात ‘त्यामुळे’, ‘मात्र’ किंवा ‘हे’ अशा शब्दाने होत असेल, तर आधीचे वाक्यही सोबत घ्यावे.

ज्या मजकुरात महत्त्वाचे असे एकही वाक्य सापडत नाही, तिथे पुनर्लेखनाला पर्याय नसतो. तासाभराच्या बैठकीच्या ध्वनिमुद्रणात निर्णय पाच जणांच्या अर्धवट वाक्यांत विखुरलेला असतो. त्यातली ‘हो, तसंच करू’ अशी वाक्ये वेचून काही हाती लागत नाही. तीच गोष्ट एकाच घटनेवरच्या दहा वृत्तांतांची, आणि तज्ज्ञांसाठी लिहिलेला अहवाल सामान्य वाचकाला सांगायचा असेल तेव्हाची, कारण तिथे मूळ शब्द हीच वाचकाची अडचण असते.

असा सारांश तपासताना सगळा मजकूर पुन्हा वाचावा लागत नाही. आधी आकडे आणि नावे, मग नकार, मग ‘काही’, ‘जड’, ‘तूर्त’ अशी मर्यादा घालणारी विशेषणे आणि अव्यये, आणि शेवटी क्रियापदे : सुचवले की ठरवले, आढळले की सिद्ध झाले. यांतल्या प्रत्येकासाठी मूळ मजकुरातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवता आले पाहिजे. ज्या शब्दासाठी ते ठेवता येत नाही, तो सारांशातून काढून टाकावा, भले वाक्य थोडे खडबडीत झाले तरी चालेल.