पेटीचं वय पेटीतच लिहिलेलं असतं, पण एका जागी नाही

जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीला येते तेव्हा सोबत एक वाक्य हमखास येतं: "आजोबांची आहे, शंभर वर्षांची." आजोबांची असते, याबद्दल सहसा शंका नसते. शंभराचं मात्र तपासावं लागतं. पेटी ही एका दिवशी जन्मलेली वस्तू नसते. डबा एका काळातला, सूर दुसऱ्या आणि भात्याचं कापड तिसऱ्या काळातलं असू शकतं. वय सांगायचं म्हणजे आधी हे थर वेगळे करायचे.

थोडं मागे जाऊ. हार्मोनियम हे नाव आलेक्झांद्र देबँ या पॅरिसच्या कारागिराचं. १८४२ च्या सुमारास त्याने या वाद्याचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं आणि मिशनरी व साहेबलोकांबरोबर इकडे आलं. आपण मांडी घालून बसणारे, म्हणून भाता मागे घेऊन तो डाव्या हाताने मारायची सोय झाली. हाताने वाजणारी ही पेटी रुजवण्याचं श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिलं जातं. त्यांची 'द्वारकिन' ही पेढी १८७५ ची. डबा इथला झाला तरी आतले सूर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, बराच काळ पॅरिसहून आणि जर्मनीहून येत राहिले. जुने वादक आजही 'पॅरिस सूर', 'जर्मन सूर' म्हणतात ते त्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धात ही आवक तुटली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांनी बाजार भरून काढला.

इथे एक गैरसमज दूर करतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती टिकली. म्हणून त्या तीस वर्षांत पेट्या बनल्याच नाहीत, असं काही जण मानतात. बंदी रेडिओवर वाजवण्यावर होती, सुताराच्या रंध्यावर नव्हती. कीर्तन, भजन, नाटक, शाळा, सगळीकडे पेटी चालूच होती.

आता सांगलीकडच्या एका कीर्तनकारांच्या घरातून माझ्याकडे आलेल्या पेटीची गोष्ट. घरच्यांचा दावा अर्थातच शंभर वर्षांचा.

मी सुरुवात दुरुस्त्यांपासून करतो, कारण उशिराचं बाजूला काढलं की जुनं आपोआप उरतं. मागच्या बाजूचा एक सांधा पांढुरक्या डिंकाचा होता. ओलं फडकं ठेवल्यावर तो दुधाळ झाला आणि रबरासारखा ताणला गेला. हा फेव्हिकॉलच्या जातीचा डिंक. फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये, म्हणजे तो सांधा त्यानंतरचा. बाकीचे सांधे तपकिरी, ठिसूळ आणि कोमट पाण्याने विरघळून चिकट होणारे. हा सरस, म्हणजे जुना प्राणिज डिंक. दोन स्क्रू अधिक चिन्हाच्या खाचेचे होते. असे स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आले आणि आपल्याकडे रुळायला आणखी बराच काळ गेला. तेही नंतरचेच. उरलेले सगळे एका खाचेचे.

भात्याच्या घडीचं कापड सोडवलं तर खाली वर्तमानपत्राची पट्टी निघाली. तिच्यावर नाटकाच्या तिकिटाचे दर आण्यांत. दशमान नाणी आली एप्रिल १९५७ मध्ये, तेव्हा कागद साधारण त्याआधीचा. पण कागद जुना म्हणजे काम त्याच दिवशीचं असं नव्हे, कारण रद्दी घरात वर्षानुवर्षं पडून राहते. माझ्या दृष्टीने खरा पुरावा त्याच्या खाली होता. पट्टीखाली आणखी एका, आधीच्या कापडाचे धागे सरसात अडकलेले होते. म्हणजे हा भात्याचा दुसरा पोशाख होता. पहिला झिजून फाटेपर्यंत पेटी चांगली वाजलेली होती.

आतल्या लेबलाचा अर्धाच भाग शिल्लक होता: 'बॉम्बे ४'. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. गिरगावाचा जुना ४ पुढे ४००००४ झाला. त्यामुळे लेबल त्याआधी छापलेलं. कोणी छापील लेबलांचा गठ्ठा वर्षभर पुरवून वापरला असेल, तर तेवढी सूट द्यायची.

मग सूर. नर म्हणजे मधला आणि खर्ज म्हणजे खालचा असे दोन संच होते, सगळ्या पितळी पट्ट्या यंत्रावर कापल्यासारख्या एकसारख्या, रिव्हेट एकाच जातीचे, बाहेरून येणाऱ्या सुरांसारखे. फक्त एक सूर जास्त पिवळा आणि कानशीने हाताने घासलेला. तो बदललेला. सुरांच्या फळीवर जुन्या स्क्रूची रिकामी किंवा बुजवलेली भोकं नव्हती. हे फार महत्त्वाचं, कारण जुन्या ऑर्गनचे सूर काढून नव्या डब्यात बसवणं सर्रास चालायचं. मग सूर पन्नास वर्षांनी थोरले निघतात. इथे भोकं एकदाच पाडलेली, तेव्हा डबा आणि सूर एकाच वेळचे.

शेवटी स्वर मोजला. १८५९ मध्ये फ्रान्सने पांढरी सहाचा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा ठरवला. तो पुढे युरोपात पसरला, तर आजचा स्वर ४४० चा आहे. फरक साधारण २० सेंट, म्हणजे अर्धस्वराचा पाचवा भाग. त्याच काळात इंग्लंडमध्ये ४५२ च्या आसपासचा चढा स्वरही चालायचा. ही पेटी आजच्या ट्यूनरवर नीट ४४० ला लागत होती. घाईत कोणी म्हणेल, मग ती नवी आहे. पण भिंगाखाली पाहिलं तर सुरांच्या थरथरणाऱ्या पात्यांची टोकं खरवडलेली दिसली. टोक खरवडलं की सूर चढतो, रिव्हेटजवळ खरवडलं की उतरतो. इथे मधल्या सप्तकाची टोकं ओळीने घासलेली, म्हणजे कुणीतरी सगळी पेटी चढवून घेतलेली. अगदी वरच्या तीन सुरांना मात्र कानस लागलेली नव्हती. कीर्तनात तिथवर हात जातो कशाला? टोकावरची धूळही सूर उतरवते, म्हणून ते तिन्ही आधी ब्रशने साफ केले आणि भाता संथ ठेवून मोजले. जोर केला तर आकडा हलतो. ते १५ ते २० सेंट उतरलेले निघाले. जुन्या ४३५ च्या स्वराला जुळणारे.

पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंती आहेत, असं घरचे सांगत होते. हस्तिदंतावर बारीक रेषा असतात, हाडावर काळे ठिपके. इथे दोन्ही नव्हतं. पट्टी बोटाने जोरात घासली आणि नाकाशी धरली तर कापराचा वास आला. म्हणजे सेल्युलॉइड. तापलेली सुई टेकवून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं.

एवढ्यावरून मी घरच्यांना सांगितलं की डबा आणि सूर महायुद्धाच्या आधीचे, किंवा आधीच्या साठ्यातले सूर घालून युद्धकाळात केलेले. भाता एकदा नव्याने मढवलेला, तो पन्नासच्या दशकाच्या आसपास. फेव्हिकॉल आणि ते दोन स्क्रू त्याहून नंतरच्या हाताचे. शंभर भरतात का, हे या खुणा सांगत नाहीत, कारण खालची मर्यादा बांधणारी एकही गोष्ट पेटीत नाही. हस्तिदंताचं ऐकून आजी जरा हिरमुसल्या.

वरच्या तीन सुरांना मी हात लावला नाही. पिवळा सूर बदलायची गरज नव्हती. सांधा पुन्हा सरसाने जोडला आणि भात्याच्या आत, कापडाखाली, आजची तारीख पेन्सिलीने लिहिली.