कान ओढणे (लहान मुलांतील)

सहा महिने ते दोन-अडीच वर्षे वयाच्या मुलाने रात्री तापात कान ओढणे, चोळणे किंवा कानावर हात मारणे. गोव्यात, विशेषतः जून ते सप्टेंबरच्या पावसात घरोघर सर्दी असते तेव्हा, आईवडील या तक्रारीने हैराण होतात आणि घरातले वडीलधारे बहुधा म्हणतात, ‘दात येताहेत.’

या निदानाची अडचण अशी, की ते कधीच पूर्ण खोटे ठरत नाही. साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात एकामागून एक येतात. त्यामुळे या वयातल्या कोणत्याही तापाशेजारी एखादा दात सापडतोच. मध्यकर्णदाहाचे, म्हणजे कानाच्या पडद्यामागे होणाऱ्या जंतुसंसर्गाचे, प्रमाणही सहा महिने ते दोन वर्षे याच वयात सर्वाधिक असते. दाताने हिरड्या सुजतात, लाळ गळते, मूल हाती येईल ते चावते, आणि हिरडीची कळ कानाकडे जात असल्याने ते कानही चोळते. अंग किंचित कोमट लागेल. पण दातामुळे ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जात नाही. थर्मामीटर त्याहून अधिक दाखवत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

नाकाची मागची बाजू आणि मध्यकर्ण यांना जोडणारी युस्टेशियन नलिका मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद होते, पडद्यामागे द्रव साठतो आणि त्यात जंतू वाढून पू होतो. म्हणून कान दुखू लागतो तो बहुधा सर्दीच्या पहिल्या दिवशी नव्हे, काही दिवसांनी. आडवे झाले की पडद्यावरचा दाब आणखी जाणवतो. दिवसा खेळणारे मूल रात्री किंचाळत उठते आणि खांद्यावर उभे धरल्यावर थोडे शांत होते, ते यामुळे.

डिचोलीतले चौदा महिन्यांचे, दहा किलो वजनाचे एक मूल उदाहरणादाखल घेऊ. चार दिवस नाक वाहत होते. पाचव्या रात्री ताप १०२.६, उजवा कान ओढणे, बाटली तोंडात घेऊन लगेच सोडणे. खालच्या हिरडीवर दाढेचा उंचवटाही आहे. दाढ खरी आहे, पण सर्दीनंतरचा ताप आणि आडवे होताच वाढणारे रडणे कानाकडे बोट दाखवतात. रात्रीपुरते पॅरासिटामॉल पुरते: दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे तीन मिलिलिटर होतात, तर १२० मिलिग्रॅमच्या सिरपचे सुमारे सहा. बाटलीवरचा आकडा न वाचता चमच्याने दिलेला डोस निम्मा किंवा दुप्पट होतो, तो इथेच. दोन डोसांत किमान चार तास जावेत आणि चोवीस तासांत चारहून अधिक देऊ नयेत.

सकाळी डॉक्टर कानात पाहतात ते पडदा फुगला आहे का हे. नुसता लाल पडदा पुरेसा नाही. मूल रडले तरी तो लाल होतो. पडदा फुगलेला आणि ताप १०२.२ किंवा अधिक, म्हणून या मुलाला अमॉक्सिसिलिनसारखे अँटिबायोटिक सुरू होईल, दोन वर्षांखाली सहसा दहा दिवस. सहा महिन्यांवरच्या मुलाचा एकच कान बाधित, ताप कमी आणि दुखणे सौम्य असते, तर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस थांबणेही योग्य ठरले असते. औषधाने ४८ ते ७२ तासांत उतार पडला नाही, तर कान पुन्हा तपासावा लागतो.

लसूण कढवलेले कोमट खोबरेल कानात सोडण्याची रीत इथे अजून आहे. पडदा फाटला असेल तर ते थेट आत जाते, आणि नसेल तरी तपासताना पडद्यासमोर तेलच दिसते. पडदा फाटल्यावर कानातून पू वाहतो आणि मूल अचानक शांत झोपते. घरच्यांना ते बरे झाल्यासारखे वाटते, तरी डॉक्टरकडे न्यावेच. भोक मात्र बहुतेक वेळा आपोआप भरते.

कान ओढण्यामागे ताप नसेल तर मळ, कंटाळा, झोप येणे किंवा निव्वळ सवय हीच कारणे अधिक. कानाच्या भोकापुढची उंचवट्याची कूर्चा दाबताच मूल ओरडले, तर बाहेरच्या कानाचा दाह असण्याची शक्यता असते. ताप आहे पण सर्दी नाही आणि पडदाही स्वच्छ, अशा मुलाची लघवी तपासावी. पावसाळ्यात डेंग्यूचाही विचार करावा लागतो.

कानामागे सूज येऊन पाळ पुढे ढकललेली दिसली, मान ताठ झाली, मूल सुस्त पडले किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ चा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये; म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय रात्रीच गाठावे. दुखणे थांबल्यावरही पडद्यामागचा द्रव काही आठवडे राहू शकतो. तो तीन महिन्यांनंतरही असेल, तर ऐकण्याची तपासणी करून घ्यावी लागते, कारण बोलायला शिकण्याचे वय हेच असते.