पट्टे शोधायचे ते काळ्या भागात

मांजराचा फोटो पाठवून "हिचा रंग नेमका कोणता म्हणायचा?" असं विचारणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. सगळ्यात जास्त गोंधळ नारिंगी केसांमुळे होतो, म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

मांजराच्या केसात दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं आणि एक नारिंगी. अगूटी जनुक काम करत असेल तर केसावर फिकट-गडद आडवे पट्टे पडतात आणि टॅबी नक्षी, म्हणजे अंगावरचे पट्टे किंवा ठिपके, उठून दिसते. ते बंद असेल तर काळा केस सलग काळा होतो आणि नक्षी झाकली जाते. नारिंगी केसावर मात्र या बंद जनुकाचा जोर चालत नाही. त्यामुळे नारिंगी मांजर मुळात टॅबी असो वा नसो, पट्टेरीच दिसतं.

टॉर्टी म्हणतात त्या मांजरात हे दोन्ही रंग शेजारी शेजारी असतात. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. भाटीला दोन एक्स असतात आणि गर्भातच प्रत्येक पेशी त्यांपैकी एक बंद करते, म्हणून अंगावर काळे-नारिंगी ठिपके आणि डाग येतात. टॉर्टी बोका क्वचितच सापडतो, कारण त्याला बहुतेक वेळा एक एक्स जास्तीचा लागतो.

आता एक उदाहरण. फोटोत दुधी अंगाची, निळ्या डोळ्यांची भाटी आहे. तोंड, कान, पाय आणि शेपूट तेवढी गडद तपकिरी, अशा मांजराला पॉइंटेड म्हणतात. हा तपकिरी म्हणजे काळाच, थोडा फिका पडलेला, आणि त्याचं नाव सील. हिचं रंग बनवणारं एन्झाइम अंगाच्या थंड भागांतच नीट चालतं, तेव्हा अंगावर काही शोधू नका, वाचायचं ते याच टोकांवर. नाकाजवळ एक नारिंगी डाग आहे आणि त्यात रेघा आहेत. लगेच "टॅबी!" म्हणू नका, या रेघा काहीच सिद्ध करत नाहीत. शेपटीच्या तपकिरी भागात कडी दिसतात का? तपकिरी कानाच्या पाठीवर अंगठा उमटल्यासारखा फिकट ठसा आहे का? इथे दोन्ही होतं, म्हणून उत्तर आलं सील टॉर्टी टॅबी पॉइंट. कडी आणि ठसा नसता तर नुसती सील टॉर्टी पॉइंट म्हटलं असतं.

हिचा आलेला पहिला फोटो पिवळ्या दिव्याखालचा होता आणि त्यात सगळी मांजरच नारिंगी वाटत होती. तेव्हा खिडकीजवळ, दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता फोटो काढा. चेहरा समोरून, कान मागून, शेपूट जवळून आणि पंजांच्या गाद्या खालून हव्यात. टॉर्टीच्या गाद्यांवर बहुधा गुलाबी आणि काळे असे दोन्ही रंग दिसतात, आणि अंगावरचा एखादा चुकार डाग नजरेतून सुटला तरी गादी चुगली करते.

पॉइंटेड पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी असतात. सलग काळ्या पिल्लांवरही सुरुवातीला पुसट पट्टे दिसतात आणि पुढे जातात. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाबद्दल आम्ही फक्त अंदाज सांगतो. फोटोवरून जातही सांगत नाही, कारण पॉइंटेड दिसणारी प्रत्येक मांजर सयामी नसते. अंगात लपलेलं, पुढच्या पिढीत उमटू शकणारं जनुक आहे का हे कळायला हवं असेल, तर गालातून घेतलेल्या नमुन्याची डीएनए तपासणीच करावी लागते.