कॅप्सूल एंडोस्कोपी (दोन्ही दुर्बिणी नॉर्मल आल्यावर)

कॅप्सूल एंडोस्कोपी म्हणजे कॅमेरा बसवलेली गोळी गिळून लहान आतड्याचे फोटो काढायची तपासणी. सांगली-मिरजेकडं पेशंट तिला 'कॅमेऱ्याची गोळी' म्हणतात. ही पहिली तपासणी नाहीच. एचबी सारखं कमी होतंय, शरीरातलं लोह संपलंय, तोंडातून टाकलेली दुर्बीण आणि खालून केलेली कोलोनोस्कोपी दोन्ही नॉर्मल आल्यात, तरी रक्त कुठून जातंय ते कळत नाही, अशा वेळी ती करतात. वरची दुर्बीण जठर आणि त्याच्या पुढच्या थोड्याशा भागापर्यंत पोचते, खालची मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, आणि मधलं कित्येक मीटरचं लहान आतडं तसंच बघायचं राहतं.

गोळी साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड असते. अमेरिकेत तिला २००१ साली मंजुरी मिळाली. ती आतड्याच्या हालचालीनं आपोआप पुढं सरकते, सेकंदाला दोन किंवा जास्त फोटो काढते आणि कमरेला बांधलेल्या रेकॉर्डरवर पाठवते, बॅटरी ८ ते १२ तास चालते. फोटो ५० हजारांच्या वर जातात आणि डॉक्टरला ते बसून बघावे लागतात. गोळी शौचावाटे पडून जाते, परत द्यायची नसते.

लहान आतड्यातून रक्त जायची कारणं वयानुसार बदलतात. म्हाताऱ्या माणसात, खासकरून किडनी किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर, आतड्याच्या अस्तरात फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. तरुणात आतड्याला सूज आणि जखमा करणारा क्रोन्सचा आजार किंवा गाठ, आपल्याकडं आतड्याचा टीबी आणि आकडे जंत पण. पण एक कारण विचारल्याशिवाय कळत नाही, ते म्हणजे दुखण्याच्या गोळ्या.

समजा तासगावकडचे ६२ वर्षांचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून दोन वर्षं रोज घेतात, सोबत ॲसिडिटीची गोळी असते म्हणून पोट सेफ आहे असं घरच्यांना वाटतं. चालताना दम लागतो, एचबी ६.८ येतं, दोन बाटल्या रक्त चढवलं जातं, दोन्ही दुर्बिणी नॉर्मल. यात आश्चर्य नाही, कारण ॲसिडिटीची गोळी जठर वाचवते, लहान आतडं नाही, तिथं ॲसिडचा प्रश्नच नसतो आणि जखमा दुखण्याच्या गोळीमुळं होतच राहतात.

इथंच खरा धोका आहे. या जखमा भरताना कधीकधी आतड्यात आडव्या पातळ कडा तयार होतात, मधे छोटंसं भोक ठेवलेल्या पडद्यासारख्या, आणि त्या सीटीमध्येसुद्धा सुटू शकतात. म्हणजे ज्या गोळ्यांमुळं रक्त जातंय त्याच गोळ्यांमुळं कॅप्सूल अडकू शकते. म्हणून आधी नीट विचारायला हवं: जेवल्यावर पोटात कळा येतात का, पोट फुगून उलटी होते का, आधी पोटाचं ऑपरेशन किंवा टीबी झालाय का? उत्तर हो आलं तर आधी सीटी, आणि मिळत असेल तर आत विरघळणारी त्याच मापाची चाचणी गोळी. साध्या रक्तस्रावाच्या पेशंटमध्ये अडकायचं प्रमाण शंभरात एक-दोनच आहे, आतडं अरुंद असेल तर मात्र बरंच जास्त.

तयारीत लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात, त्यांचा काळा थर अस्तरावर बसला की फोटोत काही दिसत नाही. आदल्या दिवशी हलकं जेवण, मग जुलाबाचं औषध आणि रात्रभर उपाशी. सकाळी गोळी गिळली की दोन तासांनी पातळ, चार तासांनी हलकं खाता येतं. गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. दोन आठवड्यांत पडलेली दिसली नाही तर पोटाचा एक्सरे काढतात. अडकलीच आणि त्रास नसेल तर थांबून बघता येतं, नाहीतर बलून एंडोस्कोपी, म्हणजे फुग्याच्या आधारानं लहान आतड्यात खोलवर जाणारी दुर्बीण, किंवा ऑपरेशन, त्यात तो अरुंद भागही काढला जातो.

आपल्या बागायतदारांना कळा नव्हत्या, सीटीत अरुंद जागा दिसली नाही, म्हणून गोळी दिली. फोटोत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात उथळ जखमा दिसल्या, कॅप्सूल पुढं सरकली. कॅप्सूलला तुकडा काढता येत नाही की रक्त थांबवता येत नाही, त्यामुळं टीबी किंवा क्रोन्सची शंका असती तर पुढं बलून एंडोस्कोपीनं तुकडा काढावा लागला असता. इथं डायक्लोफिनॅक बंद केलं, लोह चालू केलं आणि महिन्यानं एचबी परत तपासायचं ठरलं.

रक्त उघड जात असेल, म्हणजे शौचाला डांबरासारखं काळं किंवा लाल होत असेल, तर तपासणी शक्यतो दोन-तीन दिवसांत व्हावी, उशीर होईल तशी जागा सापडायची शक्यता कमी होते. लोहाच्या गोळीनंही शौच काळं होतं, पण ते चिकट आणि घाण वासाचं नसतं. कॅप्सूल नॉर्मल आली आणि पुढं एचबी ४ ग्रॅमनी घसरलं, किंवा आधी लपून जाणारं रक्त उघड दिसायला लागलं, तर तपासणी परत करतात, आणि त्या वेळी कारण सापडायची शक्यता चांगली असते.