आईवडील नसलेल्या अज्ञान मुलाचं आयकर विवरणपत्र: पालकाने ते कसं भरायचं आणि नोटिशीला उत्तर कसं द्यायचं

वडिलांच्या ठेवी मुलीच्या नावावर झाल्या की आता तिचं वेगळं विवरणपत्र भरायचं, असं बरेच जण धरून चालतात. पण आई किंवा वडील यांपैकी एकजण जरी हयात असेल, तर आयकर कायदा १९६१ च्या कलम ६४(१ए) प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं व्याज आणि लाभांश त्या आईच्या किंवा वडिलांच्याच उत्पन्नात धरले जातात. पैसा वारशाने आला म्हणून यात सूट नाही. मुलाने स्वतःच्या मेहनतीने किंवा कलागुणांवर कमावलेलं उत्पन्न आणि कायद्यात बसणारं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्न एवढेच अपवाद.

दोघंही नसतील तेव्हा मात्र चित्र बदलतं. मामा, काका, आजोबा हे कायद्याच्या भाषेत ‘पालक’ असले तरी ‘आईवडील’ नव्हेत. त्यामुळे मुलाचं उत्पन्न त्यांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही. ते मुलाचंच राहतं, करमुक्त मर्यादाही मुलाची स्वतंत्र, आणि पालक कलम १६० खाली ‘प्रातिनिधिक करदाता’ म्हणून विवरणपत्र भरतो. माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं, म्हणून तिचाच हिशेब इथे देतो.

सगळ्यात आधी लागतो पालकत्वाचा पुरावा. हिंदू कायद्यात मामा नैसर्गिक पालक नसतो, म्हणून आम्ही पालक व पाल्य कायदा १८९० खाली जिल्हा न्यायालयाचा आदेश घेतला. दुसरं, मुलीचं स्वतःचं पॅन. अर्जात प्रतिनिधी म्हणून पालकाचा तपशील भरावा लागतो आणि अज्ञानाच्या कार्डावर फोटो किंवा सही नसते. तिसरी गोष्ट बँकेतली: ठेवी मुलीच्या नावावर वर्ग करून तिथे तिचं पॅन नोंदवून घ्या. ते राहिलं तर टीडीएस वडिलांच्या पॅनवरच जमा होत राहतो आणि मुलीच्या नावावरचा टीडीएस दाखवणाऱ्या फॉर्म २६एएस मध्ये दिसतच नाही.

मग incometax.gov.in वर पालकाने स्वतःच्या लॉगिनमधून ‘Authorised Partners’ मधल्या ‘Register as Representative Assessee’ मध्ये नवी विनंती करायची. अज्ञान हा प्रकार निवडून दोघांची पॅन कार्डं आणि पालकत्वाचा पुरावा जोडायचा. विनंती मंजूर झाल्याशिवाय मुलाच्या वतीने काही भरता येत नाही. विवरणपत्राच्या मुदतीच्या आठवड्यात हे काम काढलं तर फार धावपळ होते, तेव्हा लवकर उरका.

आता आकडे. २०२४-२५ मध्ये भाचीच्या दोन बँकांत ठेवी होत्या. पहिलीचं व्याज १,४०,००० रुपये, दर तीन महिन्यांनी बचत खात्यात येणारं. दुसरी मुदतीअंती व्याज देणारी, तिच्यावर त्या वर्षी जमा झालेलं व्याज ९०,०००. बँकांनी दहा टक्क्यांनी १४,००० आणि ९,००० असा एकूण २३,००० टीडीएस कापला. नव्या करप्रणालीत त्या वर्षीची मर्यादा ३ लाख असल्याने कर शून्य. म्हणजे विवरणपत्र भरायचं ते केवळ परताव्यासाठी. टीडीएस २५,००० किंवा त्याहून जास्त असता, तर उत्पन्न मर्यादेखाली असूनही ते भरणं बंधनकारक झालं असतं.

चूक माझ्याकडून झाली. पासबुकात दिसलेले १,४०,००० तेवढे उत्पन्न म्हणून दाखवले आणि टीडीएस मात्र पूर्ण २३,००० मागितला. काही आठवड्यांनी कलम १३९(९) खाली सदोष विवरणपत्राची नोटीस आली: ज्या उत्पन्नावरचा टीडीएस मागितला आहे, ते उत्पन्न दाखवलेलं नाही.

अशा नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यात जमणार नसेल तर मुदतवाढ मागता येते. उत्तरच दिलं नाही तर विवरणपत्र अवैध, म्हणजे जणू भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं आणि परतावाही अडकतो. नोटीस ‘Pending Actions’ मधल्या ‘e-Proceedings’ मध्ये असते. तिथे दोष मान्य की अमान्य ते सांगायचं. उत्तर लिहिण्याआधी फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण काढून प्रत्येक ठेवीचं व्याज आणि टीडीएस समोरासमोर मांडा. मी मांडले तेव्हा ९,००० समोरचे ९०,००० लगेच दिसले. दोष मान्य केला आणि मूळ पावती क्रमांक घालून त्याच कलमाखाली २,३०,००० उत्पन्नाचं दुरुस्त विवरणपत्र चढवलं. कर तेव्हाही शून्यच आला आणि परतावा २३,०००चाच राहिला.

‘अमान्य’ हा पर्याय खरोखर कारण असेल तेव्हाच निवडा. समजा त्या ठेवीत धाकट्या भावाचाही वाटा आहे आणि त्याचं व्याज त्याच्या विवरणपत्रात दाखवलंय. मग तसं लिहून वाटणीचा कागद जोडायचा, आणि बहिणीच्या विवरणपत्रात तेवढ्या व्याजावरचा टीडीएस मागायचा नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाची विवरणपत्रं आणि त्यांवरच्या नोटिसा जुन्या कायद्यानेच चालतात. त्या वर्षी करमुक्त मर्यादा ४ लाख होती, म्हणून दोन्ही बँकांत भाचीला कर लागत नाही असं सांगणारा फॉर्म १५जी तिच्या वतीने मी सही करून दिला. टीडीएस कापला जाणंच थांबलं. ती अठरा वर्षांची झाली की माझा अधिकार संपेल. तेव्हा तिच्या पॅन कार्डावर फोटो आणि सही घालून घेणं आणि पोर्टलवर तिचं स्वतःचं लॉगिन उघडणं ही दोन कामं उरतील.