टर्मचे दीड कोटी कुठून आले आणि मेडिक्लेमचे दहा लाख कुठून?

नाशिकच्या माझ्या मावसभावाने परवा विचारलं, “पगार 80 हजार आहे, तर टर्म कितीचा घेऊ आणि मेडिक्लेम कितीचा?” पगारावरून त्याला दोन्ही आकडे हवे होते. पण मेडिक्लेमच्या रकमेचा पगाराशी फारसा संबंध नसतो.

आधी टर्म मांडला. त्याचं वय 36, बायको 34 वर्षांची, घर सांभाळते. दोन मुलं, धाकटी 4 वर्षांची, आणि सोबत आई. कर्जाचा हप्ता सोडून घरखर्च 45 हजार, त्यातले 10 हजार त्याच्या एकट्याचे. म्हणजे तो नसेल तर घराला महिन्याला 35 हजार लागतील, वर्षाला 4 लाख 20 हजार. धाकटी कमावती होईपर्यंतची 20 वर्षं धरली तर 84 लाख. (पैसे गुंतवून मिळणारं व्याज महागाईत जाईल असं धरलंय.) गृहकर्जाचे 28 लाख बाकी, मुलांच्या शिक्षणाला 15. त्यातून पीएफ आणि एफडीचे 10 लाख वजा केले की उरतात 1 कोटी 17 लाख. राहतं घर वजा करायचं नाही, कारण ते विकून माणसं जाणार कुठे? पण 20 वर्षांनी बायको 54 चीच असेल, तिचं पुढचं आयुष्य आहेच. म्हणून दीड कोटी.

मेडिक्लेमला हा हिशेब लागतच नाही. कर्ज 28 लाख असो की शून्य, बायपासचं बिल तेवढंच येतं. तिथे बघायचं ते घरातली माणसं, त्यांची वयं आणि आपण ज्या हॉस्पिटलात जाऊ तिथले दर. चौघांचा मिळून 10 लाखांचा फ्लोटर घ्यायचं ठरलं. त्यावर 20 लाखांचा सुपर टॉप-अप, जो वर्षभरातली बिलं मिळून 10 लाखांच्या वर गेली की लागू होतो. आईची पॉलिसी मी वेगळी काढायला सांगितली, कारण फ्लोटरचा हप्ता सगळ्यांत मोठ्या वयावर ठरतो.

रकमेइतकीच खोलीभाड्याची अट बघा. समजा मर्यादा रोजची 5 हजार आहे आणि तुम्ही 8 हजारांची खोली घेतली. मग फक्त भाड्यातला फरक पडत नाही, डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापतात. हे खर्च 2 लाख झाले तर कंपनी 1 लाख 25 हजार देते आणि 75 हजार खिशातून जातात. औषधं आणि इम्प्लांट यात येत नाहीत. त्याने निवडलेल्या पॉलिसीत ही अट होती, ती आम्ही बदलली.

शेवटी त्याने विचारलं, “दर पाच वर्षांनी दोन्ही वाढवू ना?” दोन्ही नाही. कर्ज फिटत जाईल, मुलं मोठी होतील, तशी टर्मची गरज उतरत जाते. मेडिक्लेमची मात्र वयाबरोबर चढते, आणि साठीनंतर नवीन पॉलिसी मिळणंही अवघड होतं.